वधाई कोणत्या दिवसाची?

शुभेच्छा देणे हे जगातील सर्वांत सोपे काम आहे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. दिवाळी आली की दिवाळीच्या, ईद आली की ईदच्या, नाताळ आला की नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात. समोरचा माणूस हसतो, हात हातात घेतो आणि आपण आपले कर्तव्य पार पाडले असे मानून पुढे जातो. या समजुतीला गेल्या वर्षी डिसेंबरात, तेही माझ्याच गावात, असा धक्का बसला की त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळे ती सांगण्यात कोणाची निंदा होण्याची भीती नाही.

माझे गाव बोदलकसा. तिरोडा तालुक्यात, टेकड्यांच्या कुशीत वसलेल्या तलावामुळे आमच्या गावाचे नाव थोडेफार लोकांना ठाऊक आहे. २०२४ सालच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर येथे भरले होते. धान कापून झाले होते, बांध्यांतून पुंजणी उभी होती आणि पहाटे तलावावर इतके धुके असे की पलीकडची टेकडी आठ वाजेपर्यंत दिसत नसे. शिबिरात माझा एक शीख मित्र होता. त्याचे नाव मी येथे देत नाही. ते त्याला आवडणार नाही. त्याचे आजोबा फाळणीनंतर इकडे आले आणि गोंदियात स्थायिक झाले. तो स्वतः आपल्या भागातील मराठी आणि हिंदी माझ्याइतकीच सफाईने बोलतो. तो माझ्या गावात पाहुणा म्हणून आला आहे, ही गोष्ट माझ्या मनात सतत होती आणि माझ्या चुकीचे मूळही काही अंशी तेथेच होते. मला यजमान म्हणून काहीतरी करून दाखवायचे होते.

त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी, म्हणजे १५ नोव्हेंबरला, कार्तिक पौर्णिमा झाली होती. आपण तिला त्रिपुरी पौर्णिमा म्हणतो. त्याच दिवशी गुरू नानकदेवांचे प्रकाशपर्व असते. त्या दिवशी मी त्याला महाविद्यालयाच्या दारातच गाठून, पाठ करून ठेवलेले वाक्य म्हटले होते : 'गुरपुरब दियां लख लख वधाइयां!' तो इतका प्रसन्न हसला होता, की ते वाक्य माझ्या खिशातले नाणेच होऊन बसले. कधीही काढावे आणि खर्च करावे.

६ डिसेंबरला पहाटे तो फोनवर आपल्या आईशी बोलत असताना 'आज गुरपुरब' एवढे दोन शब्द माझ्या कानांवर पडले. मी काही विचारले नाही. सायकल काढली, ओळखीच्या दुकानातून अर्धा किलो पेढे आणले आणि पिशवी लपवून ठेवली. त्यानंतर आम्ही सर्व शिबिरार्थी शाळेच्या पटांगणात जमलो. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन होता. प्रतिमेला पुष्पहार घातला, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो आणि सर्वांच्या वतीने 'विनम्र अभिवादन' हे शब्द मीच उच्चारले. आपल्याकडील कोणत्याही मुलाला हे शिकवावे लागत नाही. १४ एप्रिलला शुभेच्छा असतात आणि ६ डिसेंबरला अभिवादन असते. दोन्ही दिवस एकाच महामानवाचे, परंतु दोन्ही दिवशी एकच वाक्य चालत नाही.

आणि हे शब्द उच्चारून अर्धा तासही झाला नव्हता, तोच न्याहारीच्या रांगेत मी पेढ्यांची पिशवी उघडली, मित्राच्या खांद्यावर हात टाकला आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, 'गुरपुरब दियां लख लख वधाइयां!' दोन-तीन मित्रांनी टाळ्या वाजविल्या. एकाने 'बल्ले बल्ले' केले. मित्राने माझ्याकडे पाहिले, किंचित मान लववली आणि हलक्या आवाजात 'सत श्री अकाल' एवढेच म्हणाला. पेढा त्याने घेतला, पण तोंडात टाकला नाही.

शिबिराचा स्वयंपाक आमच्या गावातील एक मावशी करीत होत्या. सकाळच्या अभिवादनाला त्या पांढरे लुगडे नेसून आल्या होत्या. पेढे पाहून त्या म्हणाल्या, 'काय रे बाबू, आज सहा डिसेंबर. आज पेढे कशाचे?'

मी घाईने म्हणालो, 'मावशी, आज याचा सण आहे.'

तेव्हा माझा मित्र पुढे झाला आणि त्यांना म्हणाला, 'मावशी, आमचाही आजचा दिवस तुमच्यासारखाच आहे. आमच्या गुरूंचं शीर आज उतरवलं होतं.'

मावशींनी हातातला झारा खाली ठेवला आणि त्याला हात जोडले. त्या दोघांना एकमेकांचे जे क्षणात कळले, ते मला, त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याला, कळले नव्हते. पेढ्यांची पिशवी मी गुंडाळून ठेवली.

सायंकाळी तलावाच्या पाळीवर बसून मी त्याला सर्व विचारले. त्याने सांगितले ते असे. 'गुरपुरब' हा शब्द 'गुरू' आणि 'पर्व' यांपासून झाला आहे. मी त्याचा अर्थ मनातल्या मनात 'सण' असा करून टाकला होता. खरे म्हणजे मराठी माणसाने ही चूक करू नये, कारण आपल्याही भाषेत पर्व म्हणजे केवळ आनंदाचा दिवस नव्हे. ग्रहणाच्या वेळेलाही आपण पर्वकाळच म्हणतो आणि त्या वेळी कोणी कोणाला पेढे वाटीत नाही. गुरूंच्या जीवनातील कोणत्याही मोठ्या घटनेचा स्मरणदिवस तो गुरपुरब. जन्माचा असेल तर त्याला प्रकाश पुरब म्हणतात. गुरुपदावर आरूढ झाल्याचा दिवस असेल तर तो गुरगद्दी दिवस. गुरूंनी देह ठेवला त्या दिवसाला 'जोती जोत' असा शब्द आहे, म्हणजे ज्योत ज्योतीत मिळाली. आणि दोन गुरूंच्या बाबतीत तो शहीदी गुरपुरब असतो : १६०६ साली लाहोरला छळ सोसून प्राण दिलेले पाचवे गुरू अर्जनदेव आणि १६७५ साली दिल्लीत ज्यांचा शिरच्छेद झाला ते नववे गुरू तेगबहादूर.

६ डिसेंबर २०२४ या दिवशी तिथी होती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, गुरू तेगबहादुरांच्या शहीदीची. ही कथा आपण इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत वाचतो आणि विसरतो. काश्मीरचे पंडित आपल्या धर्मावरील संकट घेऊन आनंदपूरला गुरूंकडे आले. जो धर्म गुरूंचा स्वतःचा नव्हता, ज्या जानव्याचा आणि टिळ्याचा त्यांच्या पंथात काही संबंध नव्हता, त्यासाठी त्यांनी दिल्लीची वाट धरली. भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयाला या तीन सोबत्यांना त्यांच्या आधी मारण्यात आले. चांदणी चौकात जेथे गुरूंचा शिरच्छेद झाला, तेथे आज सीसगंज गुरुद्वारा आहे. भाई जैता त्यांचे शीर घेऊन आनंदपूरला पोचले. धड लखीशाह वणजारा या व्यापाऱ्याने आपल्या घरी नेले आणि अंत्यसंस्कार कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आपल्या घरालाच आग लावली. त्या जागी रकाबगंज गुरुद्वारा आहे. लखीशाह बंजारा समाजाचा होता. आपल्या विदर्भातील तांड्यांवर हे नाव आजही आदराने घेतले जाते.

'आता तूच सांग,' मित्र म्हणाला, 'या दिवसाची वधाई मी कशी घेऊ?'

मी विचारले, 'मग तू तेव्हाच का नाही बोललास?'

तो म्हणाला, 'तू प्रेमाने आणले होतेस. साऱ्यांसमोर तुला खाली पाहायला लावणे मला जमले नसते. मावशींनी विचारले नसते तर मी आताही बोललो नसतो.'

या शेवटच्या वाक्याने मला खरी टोचणी लावली. आपल्यापैकी अनेकजण म्हणतात की भावना शुद्ध असली की झाले, शब्दांचा एवढा बाऊ कशाला? हे मत मी नंतर मित्रांकडून आणि एका प्राध्यापकांकडूनही ऐकले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मला म्हणावेसे वाटते, की हे मत शुभेच्छा देणाऱ्याच्या सोयीचे आहे. माझी भावना शुद्ध होती हे माझ्या मित्राला कळलेच. परंतु ते कळल्यामुळेच त्याच्यावर ओझे आले. स्वतःच्या दुःखाचा दिवस बाजूला ठेवून त्याला माझी लाज सांभाळावी लागली. चुकीच्या शुभेच्छेचे हेच वैशिष्ट्य आहे : देणारा हलका होतो आणि घेणाऱ्याला ती वाहावी लागते. शिवाय ज्यांची संख्या आपल्या गावात थोडी असते, त्यांच्यावर हे ओझे वर्षानुवर्षे पडत राहते आणि ते हसून 'धन्यवाद' म्हणायला शिकतात. आपल्याला मात्र वाटते की आपले अगदी बरोबर चालले आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की वाक्य पाठ करण्याआधी दिवस ओळखावा. हे फारसे अवघड नाही. शीख परंपरेतील मोठे दिवस शुद्ध पक्षात येतात तेव्हा आपल्या पंचांगाशी ते तंतोतंत जुळतात. कार्तिक पौर्णिमेला गुरू नानकदेवांचे प्रकाशपर्व. त्यानंतर वीस तिथींनी, आपल्या चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, गुरू तेगबहादुरांची शहीदी. पौष शुद्ध सप्तमीला गुरू गोविंदसिंहांचे प्रकाशपर्व. ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीला गुरू अर्जनदेवांची शहीदी. त्या दिवशी भर उन्हात रस्त्यावर छबील लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थंड गोड दूधपाणी पाजतात. त्या सरबताचा पेला हातात घेऊनही पुष्कळ लोक 'हॅपी गुरपुरब' म्हणतात. गोड प्यायला मिळाले म्हणजे दिवस गोड, असे आपण समजतो. ज्या गुरूंना तापलेल्या तव्यावर बसविल्याचे त्यांची परंपरा सांगते, त्यांच्या स्मरणार्थ तहानलेल्याला गारवा द्यायचा, हा त्या पेल्याचा अर्थ आहे.

येथे दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. वद्य पक्षातील तिथी असेल तर उत्तरेकडील महिना आपल्यापेक्षा एकाने पुढे असतो. त्यांचा वैशाख वद्य तो आपला चैत्र वद्य. शिवाय २००३ साली नानकशाही कॅलेंडर लागू झाले आणि त्याने पुष्कळ दिवसांना सौर तारखा ठरवून दिल्या. त्यात पुढे बदल झाले आणि आज काही ठिकाणी एक तारीख मानतात, काही ठिकाणी दुसरी. २०२४ मध्येच गुरू तेगबहादुरांची शहीदी अनेक छापील कॅलेंडरांत २४ नोव्हेंबरला होती आणि तिथीने ती ६ डिसेंबरला आली. म्हणून कॅलेंडरावर विसंबून राहण्यापेक्षा मित्राला आदल्या दिवशी साधेपणाने विचारावे, 'तुमच्याकडे उद्या कोणता गुरपुरब आहे? प्रकाश की शहीदी?' हा प्रश्न विचारण्यात अज्ञान दिसते असे कोणास वाटेल. माझ्या मते त्यातच अर्धा आदर व्यक्त होतो.

आता शब्दांविषयी. बारा महिने, सुखात आणि दुःखात, कोणत्याही दिवशी चुकत नाही असे एकच अभिवादन आहे आणि ते म्हणजे 'सत श्री अकाल'. हात जोडून, शांतपणे म्हणावे. त्याचा अर्थ 'अकाल पुरुष हेच सत्य' असा आहे. मी तो विचारला, कारण मला एक शंका होती. हिंदीत अकाल म्हणजे दुष्काळ आणि मराठीत अकाली म्हणजे अवेळी. मग असा अशुभ शब्द अभिवादनात कसा? मित्र यावर खूप हसला. येथे अकाल म्हणजे ज्याला काळ नाही, जो जन्ममरणाच्या पलीकडे आहे तो परमेश्वर. अर्थ कळला की उच्चारही आपोआप सुधारतो आणि घाईघाईचे 'सस्रीकाल' तोंडातून येत नाही.

दुसरे अभिवादन 'वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह' हे आहे. याला फतेह बोलावणे म्हणतात आणि खालशाच्या सदस्यांनी एकमेकांना करावयाचे ते नमस्कार आहेत. आपण म्हटले तर कोणी रागावत नाही. पण ते अर्धवट म्हणू नये. 'वाहेगुरूजी का खालसा' एवढेच बोलून थांबणे म्हणजे वाक्य अधांतरी सोडणे होय. विजय वाहेगुरूचा आहे हा त्यातला मुख्य भाग दुसऱ्या अर्ध्यात आहे. कोणी आपल्याला फतेह बोलावली तर ती पूर्ण परत करावी. ते जमत नसेल तर हात जोडून 'सत श्री अकाल' म्हणावे. माझ्या मते आपण आपल्याकडून सुरुवात करताना साधे अभिवादनच निवडावे. आणि 'बोले सो निहाल' हा तर जयकारा आहे. तो एकाने पुकारायचा आणि साऱ्या संगतीने 'सत श्री अकाल' म्हणून उत्तर द्यायचे असते. रस्त्यात शीख माणूस दिसला की गंमत म्हणून तो ओरडणे हे आपण 'हर हर महादेव'चा विनोद करण्यासारखे आहे.

प्रकाशपर्व असेल तेव्हा मात्र मोकळ्या मनाने 'गुरपुरब दियां लख लख वधाइयां' म्हणावे. वधाई हा शब्द आपल्या 'वाढ'च्या गोत्रातलाच आहे. लाख लाख वृद्धी होवो असा भाव त्यात आहे. ज्यांना पंजाबी उच्चार जमत नाहीत त्यांनी मराठीत 'गुरू गोविंदसिंहजींच्या प्रकाशपर्वाच्या शुभेच्छा' म्हणावे. गुरूंचे नाव घेताना 'जी' किंवा 'साहिब' लावले म्हणजे पुरे. शहीदीच्या दिवशी 'गुरू तेगबहादर साहिबजींच्या शहादतीला प्रणाम' म्हणावे, किंवा हात जोडून 'सत श्री अकाल' म्हणावे आणि गप्प राहावे. आपल्याकडचा 'विनम्र अभिवादन' हा शब्दही तेथे योग्यच आहे. त्या सकाळी तो माझ्या तोंडात होता. मी तो फक्त चुकीच्या वेळी बदलला.

या चुकीची भरपाई करण्याची संधी मला महिन्याभरात मिळाली. ६ जानेवारी २०२५ रोजी पौष शुद्ध सप्तमी होती, म्हणजे १६६६ साली पाटण्यास जन्मलेल्या गुरू गोविंदसिंहांचे प्रकाशपर्व. या वेळी मी आधी विचारले. तो म्हणाला, 'हा आनंदाचा आहे. ये गोंदियाला, गुरुद्वाऱ्यातच भेटू.'

आम्ही तिघे मित्र गेलो. जाताना फुलांचा मोठा गुच्छ घ्यावा, शाल घ्यावी, भगवे फेटे बांधून जावे, अशा सूचना आमच्यातच निघाल्या. मी मित्राला फोन करून विचारले तेव्हा तो म्हणाला, 'माझ्यासाठी काही आणू नका. आणायचेच तर लंगरसाठी दूध नाहीतर तांदूळ आणा. आणि फेटा नको, साधा रुमाल आणा.' आमच्या भागात तांदळाला काय तोटा? आम्ही घरचा पाच किलो तांदूळ नेला आणि तो मुकाट्याने लंगरच्या कोठीत दिला. देणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही, ही गोष्ट मला फार आवडली.

एक अडचण अशी होती, जी आपल्या भागापुरती तरी स्पष्ट सांगितली पाहिजे. आमच्यातील एकाच्या खिशात खर्रा होता. शिखांमध्ये तंबाखू सर्वस्वी वर्ज्य आहे. अमृत घेतलेल्या शिखासाठी ती चार मोठ्या निषेधांपैकी एक आहे. तोंडात नसला तरी खिशात खर्रा घेऊन गुरुद्वाऱ्याच्या आवारात जाणे हा अनादरच. आपल्याकडे खर्रा इतका सर्रास चालतो की तो आपल्याजवळ आहे हे खाणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. मित्राने तो पानठेल्यावर ठेवून दिला, चूळ भरली, हात धुतले आणि मग आम्ही आत गेलो. शब्द कितीही शुद्ध उच्चारले आणि बोटांना तंबाखूचा वास येत असला, तर त्या वधाईचे मोल काय?

जोडे जोडाघरात ठेवले, हातपाय धुतले, रुमालाची गाठ मागे बांधून डोके पूर्ण झाकले. आत गुरू ग्रंथसाहिबांसमोर माथा टेकून, पाठ न फिरवता बाजूला होऊन जमिनीवर बसलो. पाय पसरायचे नाहीत एवढे ध्यानात ठेवले. शिखांच्या लेखी हा केवळ ग्रंथ नाही. १७०८ साली आपल्याच नांदेडला गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवण्यापूर्वी गुरुपद ग्रंथाला दिले, तेव्हापासून तेच त्यांचे विद्यमान गुरू. आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. तेथे माथा टेकताना मराठी मुलाला परकेपणा वाटण्याचे काही कारण नाही. अरदास सुरू झाली तेव्हा सारे उभे राहिले, आम्हीही हात जोडून उभे राहिलो. नंतर कडाह प्रसाद आला. कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन तो करतात. तो बसूनच, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा असतो. एका हाताने घेऊ नये आणि नको म्हणू नये. फार वाटला तर 'थोडा' म्हणावे.

लंगरमध्ये पंगतीत बसलो. पोळी वाढणारा आला तेव्हा मी सवयीने ताट पुढे केले. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी दोन्ही हात पुढे करून पोळी कशी घ्यायची ते न बोलता दाखविले. तेथे पोळीला परशादा म्हणतात, म्हणजे प्रसादच. मग ताटात काही टाकायचे नाही हे ओघानेच आले.

जेवण झाल्यावर मित्र भेटला. सकाळपासून तो वाढण्याच्या सेवेत होता, कपाळावर घाम होता. मी हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, 'सत श्री अकाल. गुरपुरब दियां लख लख वधाइयां.' तो म्हणाला, 'तुम्हाला वी वधाइयां.' एवढेच. टाळ्या नाहीत, पेढे नाहीत. त्याने माझ्या हातात पोळ्यांची टोपली दिली आणि म्हणाला, 'चल, पुढची पंगत बसली आहे.' त्याच्या आजीने दुरून हे पाहिले आणि मला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला. माझा रुमाल सरकला होता, तो त्यांनीच नीट केला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शुभेच्छा हा समोरच्याच्या घरात टाकलेला पाऊल असतो. आत जाण्यापूर्वी आत लग्न आहे की सुतक, हे विचारून घेणे ही साधी माणुसकी होय. आपण जेव्हा मोठ्याने, समारंभाने आणि न विचारता शुभेच्छा देतो, तेव्हा त्यात पुष्कळदा आपली हौस असते. जेव्हा हळू आवाजात आणि विचारून देतो, तेव्हा त्यात समोरचा माणूस असतो.

यंदा आमच्या शिबिरातील मावशींनी मला विचारले, 'तुझा तो पगडीवाला दोस्त बरा आहे का? त्याला माझा जयभीम सांग.' मी तो निरोप पोचविला. त्याने हात जोडून उत्तर पाठविले, 'मावशींना माझा सत श्री अकाल.' ती दोन अभिवादने एकमेकांना किती सहज ओळखतात हे मी पाहिले आहे. आपणही ती ओळख करून घ्यावी एवढीच विनंती.

— द्वितीय वर्ष कला